रिक्रूटर म्हणते "उद्यापर्यंत हो सांगा", मग उत्तर काय अन् कसं द्यायचं

संध्याकाळी साडेपाचला पुण्याहून फोन येतो. मॅडम म्हणतात अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालं, पॅकेज तीन साठ आहे, उद्या सहापर्यंत कन्फर्म करा नाहीतर दुसरा कँडिडेट रेडी आहे आमच्याकडे. तुम्ही वावरात, रेंज एक कांडी, बाजूला बाबा विचारतात "काय म्हनते?" अन् तुम्ही सांगितलं की ते लगेच म्हणतात, "हो म्हनून टाक ना मंग, पुन्हा कोन पुसते आपल्याले." आपल्याकडच्या बहुतेक पोट्ट्यांचं उत्तर इथंच ठरून जातं, अन् लेटर हातात आल्यावर कळतं की तीन साठ म्हणजे महिन्याला तीस हजार नाही.

मी नागपुरात काही वर्षं एका कन्सल्टन्सीत भरतीचं काम केलं, असे "उद्यापर्यंत सांगा" वाले फोन रोज लावायचो. त्यामुळे समोरच्या टेबलावर काय चालू असतं ते मला माहीत आहे, अन् आता तालुक्याच्या ठिकाणी पोरापोरींचे असे मेसेज लिहून द्यायला बसतो तेव्हा तेच कामी येतं. हे सगळं प्रायव्हेट नोकरीबद्दल आहे, डिप्लोमा, आयटीआय, बीकॉम, बीएस्सी झालेले, पहिली नाहीतर दुसरी नोकरी अन् मधात कन्सल्टन्सी, अशी केस धरून लिहितोय.

फोनवर हो नाही अन् नाही पण नाही

फोनवर तुमचं एकच काम, उत्तर लेखी देणार हे सांगायचं अन् ते किती वाजता देणार ते सांगायचं. शब्द साधारण असे ठेवा:

"मॅडम, ऑफरबद्दल धन्यवाद, मला काम आवडलंय. ऑफर लेटर अन् पगाराचा ब्रेकअप मेलवर पाठवा, तो पाहून मी उद्या सकाळी अकरापर्यंत तुम्हाला मेलवरच कळवतो."

यात "मला काम आवडलंय" हे वाक्य सोडू नका. रिक्रूटरच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढं एक कॉलम असतो, इंटरेस्टेड आहे का ढिला आहे, अन् ढिला लिहिलं की ती त्याच मिनिटाला पुढच्या कँडिडेटला फोन लावते. "विचार करून सांगतो", "घरी विचारतो", "पाहू" हे सगळं तिला ढिलं ऐकू येतं, तुमच्या मनात ते नसलं तरी.

अन् फोन ठेवायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या, अगदी साध्या आवाजात. ही उद्याची मुदत कंपनीनं दिली का तुमच्याकडून आहे? लेटर केव्हा येईल? जॉइनिंगची तारीख कोणती धरली आहे? उत्तरं कागदावर लिहून ठेवा, वेळेसकट, कारण पुढचा सगळा मेसेज याच तीन उत्तरांवर उभा राहणार आहे.

फोनवर हो म्हटलं तर काय बिघडतं, असं पुष्कळ जण विचारतात. कोर्टकचेरीचा प्रश्न बहुतेक वेळा येत नाही, पण तुम्ही हो म्हटलं की रिक्रूटर कंपनीला "कँडिडेट अ‍ॅक्सेप्टेड" असा मेल टाकून मोकळी होते, अन् त्यानंतर तुम्ही पगारातलं काही विचारलं की तिला वाटतं हा पलटला. विचारायची जी काही ताकद असते ती हो म्हणायच्या आधी असते, नंतर नाही.

ही घाई येते कुठून

कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, कँडिडेट नाही. आपल्याकडं ही फी बहुतेक वेळा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के धरतात, म्हणजे तुमच्या एका महिन्याच्या पॅकेजएवढी, अन् ती मिळते तुम्ही जॉइन झाल्यावर, पुष्कळदा तर तुम्ही दोन तीन महिने टिकल्यावर. त्यामुळे रिक्रूटरच्या डोक्यात एकच भीती, तुम्ही दुसरीकडं जाल. महिन्याची शेवटची तारीख जवळ आली की टार्गेटची भीती त्यात मिसळते. "उद्यापर्यंत" हा शब्द बऱ्याच वेळा या भीतीतून येतो, कंपनीनं तसं काही म्हटलेलं नसतं.

पण दर वेळी असंच असते असं नाही हेही सांगतो. कधीकधी खरंच घाई असते. ट्रेनी किंवा अ‍ॅप्रेंटिसची बॅच सोमवारी चालू होणार आहे अन् एक सीट रिकामी झाली, कोणी जॉइन होऊन चार दिवसात पळाला, किंवा प्लांटला नवीन लाइन चालू होणार आहे. तेव्हा कंपनीला सोमवारी माणूस उभा पाहिजे.

ओळखायचं कसं? जॉइनिंगची तारीख पाहा. जॉइनिंग चार दिवसांवर असेल तर एका दिवसात उत्तर मागणं समजू शकतं. जॉइनिंग महिन्यानंतरची असेल अन् उत्तर मात्र उद्या पाहिजे, तर ती घाई कंपनीची नाही. दुसरी खूण लेटरवर सापडते, बऱ्याच ऑफर लेटरमध्ये शेवटी "ही ऑफर अमुक तारखेपर्यंत वैध" अशी ओळ असते. त्या ओळीत पाच दिवस लिहिले असतील अन् फोनवर उद्या म्हणत असतील तर लेटरवरची तारीख धरून बोला, नम्रपणे: "मॅडम, लेटरवर मंगळवारपर्यंत वैध असं आहे, मी सोमवारीच कळवतो." यावर भांडण होत नाही, ती गप मान्य करते.

आता एक केस पूर्ण पाहू

माझा मावसभाऊ आर्वी तालुक्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा, बुटीबोरीत एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर क्वालिटीला. हातात १७,५०० येतात. त्याला गुरुवारी संध्याकाळी चाकणच्या कंपनीसाठी कन्सल्टन्सीचा फोन आला, पॅकेज ३,६०,०००, शुक्रवारी सहापर्यंत उत्तर द्या. तिकडं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत त्याचा दुसरा राउंड झालेला होता अन् त्यांनी काहीच कळवलं नव्हतं.

त्यानं वर लिहिलंय तसंच फोनवर लेटर मागितलं. पहिले मॅडम म्हणाल्या लेटर अ‍ॅक्सेप्ट केल्यावरच निघते. हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. यात अर्धं खरं असतं, सही शिक्क्याचं लेटर काढायला कंपनीत अप्रूव्हल लागतं अन् कँडिडेट नाही म्हणणार असेल तर ते कोणी काढत नाही. पण पगाराचा ब्रेकअप, ज्याला ते अ‍ॅनेक्श्चर किंवा सॅलरी स्ट्रक्चर म्हणतात, तो मेलवर पाठवायला काहीच लागत नाही, तो एक्सेलमध्ये तयार पडलेला असतो. म्हणून असं म्हणा: "ठीक आहे मॅडम, लेटर नंतर चालेल, ब्रेकअप, जॉइनिंगची तारीख, जागा अन् बाँड आहे की नाही एवढं मेलवर टाका, मी त्यावर उत्तर देतो." रात्री साडेआठला ब्रेकअप आला.

आता तीन साठचं काय होतं ते पाहा. बारानं भागले तर ३०,०००. त्यातले वर्षाचे ३६,००० व्हेरिएबल, म्हणजे परफॉर्मन्स पाहून वर्षाच्या शेवटी मिळतील तर मिळतील, ते महिन्याचे ३,००० बाजूला काढा. राहिले २७,०००. यात कंपनीचा पीएफचा भाग १,८०० (बेसिक १५,००० होतं, त्याचे १२ टक्के), ग्रॅच्युइटीचे ७२२, मेडिक्लेमचे २७८, हे तिन्ही पॅकेजमध्ये मोजलेले पण हातात न येणारे. ते काढले की ग्रॉस २४,२००. आता यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० अन् प्रोफेशनल टॅक्स २०० कापला जाईल. हातात २२,२००.

प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात महिन्याला २०० अन् फेब्रुवारीत ३००, बायांना महिन्याच्या २५,००० पगारापर्यंत तो नाही. अन् ग्रॉस २१,००० च्या आत असतं तर ईएसआयसीचे ०.७५ टक्के पण कापले असते, बदल्यात दवाखान्याची सोय. पीएफ कटला म्हणजे बुडाला असं नाही, तो तुमच्याच नावानं जमा होतो, पण खोलीभाडं त्यातून देता येत नाही, म्हणून आजचा हिशोब करताना तो बाहेर ठेवायचा.

मग आम्ही त्याच कागदाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर खर्च मांडला. बुटीबोरीत तो दोघांत खोली करून राहतो, २,००० भाडं, ३,००० मेस, उरतात १२,५००. रविवारी घरी येतो, येताना घरचं तूरडाळ पीठ घेऊन जातो. चाकणला ओळखीच्या पोरांनी सांगितलं ते धरलं, खोलीचा वाटा ४,०००, मेस ३,८००, कंपनीची बस अन् कँटीन मिळून १,००० कटणार. २२,२०० मधून हे ८,८०० गेले, उरले १३,४००. म्हणजे साडेबारा हजार उरणाऱ्या नोकरीवरून तीन साठवर उडी मारून महिन्याला हातात जास्त राहणार ९०० रुपये, अन् घरी यायचं म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स, पोळा दिवाळीला तर तिकीट दुप्पट.

याचा अर्थ ऑफर वाईट होती असा अजिबात नाही. तिथं तो कंपनीच्या रोलवर जाणार होता, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही, अन् क्वालिटीमध्ये ज्या मशीनवर त्याला शिकायचं होतं ती मशीन तिथं होती. पण हा निर्णय "तीस हजार मिळतात" म्हणून नव्हे तर "९०० रुपये जास्त अन् पुढच्या दोन वर्षांचं शिकणं" म्हणून घ्यायचा होता, अन् तो विचार करायला एक रात्र पुरत नाही. वेळ मागायची ती यासाठी.

वेळ मागायचा मेसेज

इथं लोकं सगळ्यात जास्त गडबडतात. "मॅडम थोडा टाइम पाहिजे" असा मेसेज टाकतात. थोडा म्हणजे किती, कशासाठी, काहीच नाही. रिक्रूटरला तुमचा मेसेज पुढं कंपनीच्या एचआरला ढकलायचा असतो, अन् "थोडा टाइम" तिला ढकलता येत नाही. तिला एक तारीख, एक वेळ अन् एक असं कारण द्या जे ती जसंच्या तसं पुढं पाठवू शकेल.

मावसभावानं शुक्रवारी सकाळी सव्वादहाला, म्हणजे सांगितलेल्या अकराच्या आधीच, हा मेल टाकला अन् तोच व्हॉट्सअ‍ॅपवर पण:

"नमस्कार मॅडम, चाकण येथील क्वालिटी इंजिनिअर पदाच्या ऑफरबद्दल धन्यवाद. काल रात्री पाठवलेला पगाराचा ब्रेकअप मी पाहिला आहे आणि ही भूमिका मला मनापासून आवडली आहे. नोकरीसाठी मला जिल्हा सोडून राहायला यावं लागणार आहे, त्यामुळे राहण्याची सोय आणि सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड याची खात्री करून मी मंगळवारी दुपारी १२ वाजेपर्यंत माझा अंतिम निर्णय लेखी कळवतो. तोपर्यंत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या तर मला मदत होईल: व्हेरिएबल कोणत्या निकषावर आणि केव्हा मिळतो, आणि सुरुवातीला राहण्याची काही सोय कंपनीकडून आहे का. मुदतीत हा बदल चालेल का, ते आज कळवावे."

कंपनी इंग्रजीतच बोलणारी असेल तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत लिहा, भारी शब्द लागत नाहीत. मेसेजची लांबी यापेक्षा वाढवू नका.

यातलं कारण पाहा. घर सोडून जायचंय, नोटीस पिरियड आहे, हे खरं आहे अन् तपासता येण्यासारखं आहे. आजी वारली, गावात लाइन नव्हती, असलं खोटं कारण कधीच देऊ नका, तुमच्याच कॉलेजचा दुसरा कोणी त्या कंपनीत निघतो. अन् "माझा दुसरीकडं इंटरव्ह्यू आहे" हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहायची गरज नाही, पण तिनं सरळ विचारलं तर लपवू पण नका, "हो, एका ठिकाणी प्रोसेस चालू आहे, पण तुमची ऑफर मी गांभीर्यानं पाहतोय" एवढं पुरे. कंपनीचं नाव सांगायचं नाही, पगाराचा आकडा सांगायचा नाही.

किती दिवस मागायचे? दोन ते तीन कामाचे दिवस. मधात शनिवार रविवार आला तर आपोआप पाच होतात, म्हणून मी पोरांना सांगतो शुक्रवारची मुदत असेल तर मंगळवार मागा, सोमवार मिळेल. आठवडा मागितला तर बहुतेक रिक्रूटर तुम्हाला सोडून पुढं जातात.

एक धोका मात्र खरा आहे. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणं तुम्ही स्वीकारायच्या आधी ऑफर देणारा ती मागं घेऊ शकतो, अन् नुसतं "तीन दिवस थांबतो" असं तोंडी म्हटल्यानं तो बांधला जात नाही. म्हणजे वेळ मागितल्यावर ऑफर जाऊ शकते. माझ्या पाहण्यात नम्रपणे दोन दिवस मागितले म्हणून कंपनीनं ऑफर काढून घेतली असं फार कमी वेळा झालंय. जाते ती तेव्हा, जेव्हा कँडिडेट फोन उचलत नाही, किंवा वेळ पण मागतो, पगार पण दीडपट मागतो अन् जॉइनिंग पण दोन महिने पुढं ढकला म्हणतो, तिन्ही एकाच मेसेजमध्ये.

ती तीनपैकी एक उत्तर देईल

पहिलं, ठीक आहे म्हणेल किंवा मधली वेळ देईल. मावसभावाला सोमवारी पाच वाजेपर्यंतचा टाइम मिळाला. लगेच "धन्यवाद, सोमवारी ५ पर्यंत कळवतो" असा मेल टाका म्हणजे नवीन मुदत लेखी झाली. आता ती पाळायचीच, लाइन जाणार असेल, गावात रेंज नसेल तर एसटी धरून तालुक्याला या पण सोमवारी पाचच्या आत मेल गेला पाहिजे.

दुसरं, काहीच उत्तर येत नाही. मग जुनी मुदत चालू आहे असंच धरा. सहाची मुदत असेल तर चार वाजता एक फोन लावा, उचलला नाही तर मेसेज टाका की सकाळच्या मेलप्रमाणं मी मंगळवारपर्यंतची विनंती केली आहे, कृपया कळवा. गप बसून राहिलात तर तिच्या शीटमध्ये ते "नो रिस्पॉन्स" होतं.

तिसरं, नाही, आजच सांगा. आता ठरवायचं तुम्हाला आहे, अन् इथं प्रश्न एकच: ही एकच ऑफर हातात असती, दुसरीकडचं काहीच आलं नसतं, तर उरणाऱ्या पैशात अन् त्या कामात तुम्ही गेले असते का? असते, तर हो म्हणा, पण अट घालून नाही, खुलासा घालून. फरक समजून घ्या. "व्हेरिएबल फिक्समध्ये टाकला तर मी येतो" हे कायद्यानं स्वीकारणं होत नाही, ती तुमची नवीन ऑफर होते, अन् कंपनी म्हणू शकते की यानं आमची नाकारली. त्याऐवजी जे ब्रेकअपमध्ये लिहिलंय तेच धरून हो म्हणा:

"१८ तारखेच्या मेलमधील ब्रेकअपप्रमाणे, चाकण येथे, नमूद केलेल्या जॉइनिंग तारखेला मी ही ऑफर स्वीकारतो. अधिकृत ऑफर लेटर कृपया दोन दिवसांत पाठवावे, ते मिळाल्यावर मी सध्याच्या कंपनीत राजीनामा देईन."

तारीख अन् आकडे तुमच्या मेलमधले टाका. यात तुम्ही कोणत्या कागदावर हो म्हटलं ते लिहून ठेवलंत, उद्या लेटरमध्ये पगार कमी निघाला तर दाखवायला तुमच्याकडं मेल आहे. अन् शेवटचं वाक्य तर सगळ्यात महत्त्वाचं. लेटर हातात आल्याशिवाय, त्यावर कंपनीचं नाव, पद, पगार, तारीख अन् सही असल्याशिवाय चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. तोंडी ऑफरवर राजीनामा टाकून दोन्हीकडून रिकामी झालेली पोरं मी पाहिली आहेत, अन् तेव्हा रिक्रूटर फक्त "पोझिशन होल्डवर गेली" एवढंच म्हणते, तिच्या हातात पण काही नसतं.

दुसऱ्या कंपनीला पण त्याच दिवशी लिहा

हे बहुतेक जण करतच नाहीत. आपल्याला वाटतं त्यांना घाई केली तर ते रागावतील. उलट, त्यांच्या एचआरला तुमची फाइल साहेबासमोर ठेवायला एक कारण मिळतं. मावसभावानं हिंगण्याच्या कंपनीला शुक्रवारीच लिहिलं: "माझा दुसरा राउंड मागच्या आठवड्यात झाला. मला दुसऱ्या ठिकाणाहून लेखी ऑफर आली असून सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमच्याकडे काम करण्याची माझी इच्छा आहे, म्हणून सोमवारी दुपारपर्यंत माझ्या निवडीबद्दल काही कळू शकलं तर आभारी राहीन." यात धमकी नाही, पगाराची बोली नाही. लेखी काही आलेलं नसताना मात्र "लेखी ऑफर आहे" असं लिहू नका, ते कॉपी मागू शकतात.

त्यांचं उत्तर सोमवारी साडेबाराला आलं, निर्णयाला अजून दहा दिवस लागतील. हेही उत्तरच आहे. दहा दिवसांच्या "कदाचित" साठी हातातली सोडायची का, हे त्यानं घरी बसून ठरवलं. चाकणच्या कंपनीनं व्हेरिएबल फिक्समध्ये टाकायला नकार दिला, पण पहिले पंधरा दिवस गेस्टहाउसला राहू देतो असं मेलवर लिहून दिलं, म्हणजे खोली पाहायला वेळ मिळाला अन् डिपॉझिटचे पैसे लगेच काढायची गरज पडली नाही. त्यानं साडेतीनला हो लिहिलं. हिंगण्याला पण लगेच कळवलं की मी दुसरीकडं जॉइन होतोय, वेळ दिल्याबद्दल धन्यवाद.

"आज हो म्हणून टाक, हिंगण्याचं आलं तर चाकणला जाऊच नको" असा सल्ला त्याला चौकात मिळाला होता. मी याच्या विरोधात आहे. जॉइनिंगच्या दिवशी न जाणारा कँडिडेट कन्सल्टन्सीच्या डेटामध्ये वर्षानुवर्षं नावासकट राहतो, अन् त्याच कॉलेजच्या, त्याच भागातल्या पुढच्या पोराला फोन करताना रिक्रूटर दोनदा विचार करते. खरंच परिस्थिती बदलली तर जॉइनिंगच्या आधी, जेवढ्या लवकर होईल तेवढ्या लवकर, मेल टाकून सांगा, पण हो म्हणतानाच मनात नाही धरून बसू नका.

बाँड असेल तर

ब्रेकअपच्या मेलमध्ये किंवा लेटरमध्ये "सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट", "ट्रेनिंग कॉस्ट रिकव्हरी" असे शब्द दिसले तर तिथं थांबा. गावात सगळे सांगतात बाँडला कोर्टात काही किंमत नसते, ते चुकीचं आहे. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायची अट वैध धरली. प्रत्येक प्रायव्हेट कंपनीचा प्रत्येक बाँड असाच टिकेल असं नाही, पण "सही कर, काही होत नाही" म्हणून सही करायची गोष्ट ती नाही. बाँड असेल तर एका दिवसात हो म्हणायचंच नाही, मेसेज असा: "बाँडचा पूर्ण मसुदा पाठवा, तो वाचून दोन दिवसांत कळवतो." मसुदा द्यायला तयार नसतील तर माझ्या मते ती नोकरी सोडावी. ओरिजिनल मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक मागत असतील तर द्यायचा प्रश्नच नाही, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा अन् परत घ्या.

पैसे मागितले की संवाद तिथंच बंद

एका दिवसाची मुदत अन् त्यासोबत रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉप डिपॉझिट, गेट पास असल्या नावानं पैसे, हे दोन्ही एकत्र आले की ती फसवणूक समजा. वर सांगितलं तसं कन्सल्टन्सीची फी कंपनीकडून येते. शंका असेल तर लेटरवरचा नंबर सोडून द्या, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधा अन् तिथं फोन करून एचआरला विचारा की अशी पोझिशन अन् माझं नाव आहे का. ऑफर लेटर कंपनीच्या नावाच्या मेल आयडीवरून यायला पाहिजे, फुकटच्या मेल आयडीवरून आलं तर फोन केल्याशिवाय काहीच करू नका. पैसे गेलेच असतील तर वाट न पाहता १९३० वर फोन लावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका, पहिल्या काही तासात केली तर पैसे अडकवायची शक्यता जास्त असते.

अन् नाही म्हणायचं असेल तर

नाही पण मुदतीच्या आतच लिहा, दोन ओळी: "ऑफरबद्दल आणि दिलेल्या वेळेबद्दल धन्यवाद. हातात येणारा पगार आणि घर सोडून राहण्याचा खर्च पाहता सध्या मी ही ऑफर स्वीकारू शकत नाही. नागपूर, वर्धा, अमरावती भागात क्वालिटीचं काही निघालं तर नक्की कळवा." शेवटची ओळ टाकाच. रिक्रूटरकडं एक कंपनी नसते, आठ दहा असतात, अन् वेळेवर स्पष्ट नाही म्हणणाऱ्याचा नंबर ती जपून ठेवते. फक्त खरं कारण लिहा, पगार कमी वाटला तर पगार लिहा, कारण पुढच्या वेळी ती तुम्हाला त्याच आकड्याच्या वरची जागा दाखवेल.